निळ्या दाढीची किल्ली

शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाचा परीकथांचा संग्रह १६९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ‘निळी दाढी’ या कथेत परी नाहीच. आहे ती एक मंतरलेली किल्ली. श्रीमंत नवरा परगावी जाताना नव्या बायकोच्या हाती घरभरच्या किल्ल्या देतो आणि एक खोली तेवढी उघडू नकोस, असे बजावतो. ती उघडते. आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेते असतात. हातून पडलेल्या किल्लीला रक्त लागते, ते घासूनही निघत नाही आणि नवरा परतताच सारे उघडकीला येते. तो तिचे मुंडके उडवणार, एवढ्यात तिचे दोन भाऊ पोहोचतात व त्याला ठार करतात.

कथेखाली पेरोने पद्यात बोध जोडला आहे: बायकांची जिज्ञासा त्यांना महागात पडते. खुनांबद्दल त्यात अवाक्षर नाही! दुसऱ्या बोधात तो मिश्किलपणे सांगतो की, असले नवरे आता उरलेले नाहीत. घटना एक सांगतात आणि बोध भलतेच. पुनर्लेखन करणाऱ्याला शिरकाव मिळतो तो या फटीतूनच.

अँजेला कार्टर या इंग्लिश लेखिकेने आधी पेरोच्या कथांचा अनुवाद केला. तो १९७७ मध्ये आला. १९७९ च्या ‘द ब्लडी चेंबर’ या संग्रहाच्या शीर्षककथेत तिने खोली, किल्ली आणि डाग तसेच ठेवले. बदलला तो सांगणारा आवाज. सतरा वर्षांची पियानोवादक नववधू स्वतःच बोलते, आणि आपण त्या ऐश्वर्याला भुललो होतो हेही लपवत नाही. शिवाय नवऱ्याने किल्ली दिली तीच मुळी तिने खोली उघडावी म्हणून, हे इथे स्पष्ट होते. आज्ञाभंगाचा गुन्हा म्हणजे त्याने रचलेला सापळा ठरतो.

सुटका करायला भाऊ येत नाहीत; येते आई. तरुणपणी इंडोचायनात नरभक्षक वाघ मारलेली ही बाई घोडा फेकत येते आणि मृत पतीच्या रिव्हॉल्व्हरने जावयाला गोळी घालते. पेरोच्या कथेत स्त्रीचे रक्षण माहेरच्या पुरुषांवर सोपवलेले होते. एवढे एक पात्र बदलताच ती व्यवस्था किती गृहीत धरलेली होती, ते दिसू लागते.

मात्र जुनी कथा सरसकट आज्ञाधारकपणा शिकवते, असे समजू नये. ग्रिम बंधूंच्या ‘फिचरचा पक्षी’ या सख्ख्या बहिणीसारख्या कथेत किल्लीबरोबर अंडेही दिलेले असते. तिसरी मुलगी ते आधी सुरक्षित ठेवते, मगच निषिद्ध खोलीत जाते, आणि बहिणींनाही जिवंत करते. तिथे जिज्ञासेला शिक्षा नाही.

पॅट्रिशिया डंकर हिने १९८४ मध्ये आक्षेप घेतला की, जुन्या कथेचा साचा ठेवला की त्यातली मूल्येही चिकटून येतात. आक्षेप वजनदार आहे. पण कार्टरच्या कथेत तो डाग किल्लीवरून नायिकेच्या कपाळावर उमटतो आणि रंग फासूनही झाकत नाही. तिचा नवा सोबती आंधळा आहे. त्याला तो दिसत नाही, याचे तिला बरे वाटते. कारण तिची लाज अजून गेलेली नाही.