दोनदा ‘घ्या’ आलं, तर एक आसन हरवलं

सावनेरमधल्या एखाद्या सकाळच्या योगवर्गाचं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते शब्दशः कागदावर उतरवलं, तर सूर्यनमस्काराचा भाग साधारण असा दिसेल: ‘श्वास घेत हात वर, मागे झुका... काकू, कोपर सरळ... आता खाली, तळवे पायांशी... उजवा पाय मागे, मान वर, घ्या... दुसराही न्या, कंबर उचला, सोडा... अहो, मघाशी वाकतानाही सोडायचाच होता!’

यात एकाही आसनाचं नाव नाही, तरी हस्त उत्तानासन, पादहस्तासन, अश्वसंचालनासन आणि पर्वतासन ही चारही आसनं ओळीनं सापडतात. कोपराची सूचना एकट्या काकूंसाठी होती, म्हणून पायऱ्या लिहून काढताना ती टीप होते, पायरी नाही. शेवटचं वाक्य बोललं गेलं पर्वतासनात, पण त्याची जागा पादहस्तासनाशी आहे.

खरी नवलाई पुढे आहे. या नमस्कारात छाती उघडते तेव्हा श्वास आत येतो आणि पोट दाबलं जातं तेव्हा बाहेर जातो. त्यामुळे बारा स्थितींच्या प्रचलित पद्धतीत दुसरीपासून बारावीपर्यंत घ्या-सोडा, घ्या-सोडा असं आलटूनपालटून चालतं. मध्ये फक्त सहावी, अष्टांग नमस्काराची स्थिती येते. तिथे पर्वतासनात सोडलेला श्वास बाहेरच रोखलेला असतो. मग भुजंगासनात ‘घ्या’.

समजा, तुमच्या कागदावर भुजंगासनाचं ‘घ्या’ आणि लगेच अश्वसंचालनाचंही ‘घ्या’ आलं. म्हणजे मधलं ‘सोडा’ गळालं, आणि त्याच्यासोबत आठवं पर्वतासनही! शिकवणाऱ्या बाईंनी ते करून दाखवत नुसतं ‘असं’ म्हटलं असणार. कानाला न सापडलेलं आसन श्वासाच्या हिशेबात सापडतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

‘आता दुसऱ्या पायानं’ हे तीनच शब्द, पण कागदावर त्यांच्या पुन्हा बारा पायऱ्या होतात. चौथ्या आणि नवव्या पायरीत पाय बदलतो, तो लिहायलाच हवा. बारा हा आकडाही सगळीकडचा नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पद्धतीत दहा स्थिती मोजतात. त्यांच्या १९३८च्या इंग्रजी पुस्तकाचं नावच ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ आहे. म्हणून मोजणी कोणती, हे आधी शिक्षकांना विचारावं.

श्वासाचा हा हिशेब सगळीकडे मात्र लावू नये. वृक्षासनात स्थिर उभं राहिल्यावर श्वास नेहमीसारखाच चालतो. ‘थांबा’ किती वेळ, हे लिहिलेल्या शब्दांत नसतं. त्यासाठी ध्वनिमुद्रणातली वेळच पाहावी लागते. आणि शिक्षकांनी न सांगितलेलं ‘श्वास रोखा’ स्वतःच्या मनानं कधीही लिहू नका. उच्च रक्तदाब असलेल्यांना श्वास रोखणं टाळायला सांगतात. अंदाजानं भरलेल्या प्रत्येक जागेवर खूण करा आणि वर्गात वाटण्याआधी तो कागद शिक्षकांना एकदा वाचून दाखवा.