मीटिंगनंतरच्या ईमेलमध्ये काय लिहायचं?

सोसायटीच्या कमिटीची मीटिंग झाली, गच्चीची गळती थांबवायचं ठरलं. नंतरच्या ईमेलमध्ये ‘कमिटी लवकरच कोटेशन मागवेल’ असं लिहिलं, की काम अडतं. कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी मागवेल.

त्याऐवजी आधी निर्णय लिहावा: ‘पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं.’ मग कामं:

- तीन कोटेशन मागवणं: सचिव, १० एप्रिल
- त्यांची तुलना करून तक्ता पाठवणं: खजिनदार, १४ एप्रिल

मदतीला कितीही जण असोत, एका कामाची जबाबदारी एकाचीच. कोटेशन आल्याशिवाय तुलना होणार नाही, म्हणून मध्ये चार दिवस ठेवलेत. खजिनदार मीटिंगला नसतील, तर ईमेलआधी फोनवर त्यांचा होकार घ्यावा.

शेवटी एक ओळ हवीच: ‘काही चुकलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.’ आठवण ताजी असतानाच दुरुस्ती होते.