लवादापुढे काय जाते, काय जात नाही

व्यापारी करारांच्या अखेरीस बहुधा एक कलम असते, की या करारातून निघणारे सर्व वाद लवादाकडे सोपवले जातील. दोन्ही पक्षांची त्यावर सही असली, तरी प्रत्येक वाद लवादापुढे जाऊ शकतोच असे नाही. १९९६ च्या लवाद आणि सलोखा कायद्यात याची सूचना आहे. वादाचा विषयच लवादाकरवी सोडवण्याजोगा नसेल, तर कलम ३४ नुसार न्यायालय निवाडा रद्द करू शकते. असे विषय कोणते, याची यादी मात्र कायद्यात नाही. ती न्यायालयांनी एकेका खटल्यातून घडवली.

या यादीचा पाया मुंबईतल्या एका खटल्यात घातला गेला. नेपियन सी रोडवरील दोन फ्लॅट त्यांच्या मालक कंपन्यांनी एसबीआय होम फायनान्सकडे कर्जापोटी तारण ठेवले होते. बूझ अ‍ॅलन अँड हॅमिल्टन ही सल्लागार कंपनी ते फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सने वापरत होती आणि तिने मोठी अनामत रक्कम भरली होती. एका फ्लॅटवरचे कर्ज थकले, तेव्हा १९९९ मध्ये वित्तसंस्थेने तारण विकून वसुली करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. संबंधितांमध्ये झालेल्या करारात लवादाचे कलम आहे, म्हणून हा वाद लवादाकडे पाठवावा, असे बूझ अ‍ॅलनचे म्हणणे होते. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले.

त्यामागचे कारण समजले, की पुढचे सारे उलगडते. केवळ थकलेल्या पैशांची मागणी ही देणेकरी आणि घेणेकरी यांच्यापुरती असते. गहाण मालमत्ता विकायची म्हटली, की तीत दुसरे गहाणदार, ताबेदार, खरेदीदार असे अनेक गुंततात, आणि विक्रीचा हुकूम त्या सगळ्यांना बांधतो. लवादाचा अधिकार उगवतो तो करारावरच्या सह्यांतून. ज्यांनी सही केली नाही, त्यांना बांधणारा हुकूम तो देऊ शकत नाही. म्हणून व्यक्तीविरुद्धचा हक्क लवादापुढे जातो आणि साऱ्या जगाविरुद्धचा हक्क न्यायालयात राहतो. फौजदारी गुन्हे, घटस्फोट, पालकत्व, दिवाळखोरी, मृत्युपत्राची शाबिती हे विषय याच तर्काने लवादाबाहेर ठेवले गेले. त्याच निकालाने एक पुस्तीही जोडली. जगाविरुद्धच्या हक्कातून निघालेली, पण दोघांपुरतीच असलेली देणीघेणी लवाद ठरवू शकतो.

फसवणुकीचा प्रश्न या तर्काने सहज सुटायला हवा होता, पण त्याला बरीच वर्षे लागली. १९४० च्या जुन्या लवाद कायद्यात वाद लवादाकडे पाठवावा की नाही, याबाबत न्यायालयाला मोकळीक होती. तिचा आधार घेऊन १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की ज्याच्यावर फसवणुकीचा गंभीर आरोप आहे त्याला उघड न्यायालयात चौकशी हवी असेल, तर ती मिळावी. १९९६ च्या कायद्याने ती मोकळीक काढून घेतली, तरीही २००९ मध्ये एका भागीदारीच्या वादात हाच जुना विचार लागू झाला. परिणाम व्हायचा तोच झाला. लवाद टाळायचा असेल, तर दाव्यात 'फसवणूक' हा आरोप घालणे पुरेसे ठरू लागले.

२०१६ मध्ये तिरुनेलवेलीच्या एका हॉटेलच्या भागीदारीवरून भावाभावांतला वाद सर्वोच्च न्यायालयात आला. कारभार पाहणाऱ्या भावाने सुमारे १० लाखांचा चेक इतरांना न विचारता आपल्या मुलाच्या नावे काढला, असा प्रमुख आरोप होता. असले हिशेबाचे आरोप लवाद तपासू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. साधी फसवणूक लवादाकडे आणि गंभीर फसवणूक न्यायालयाकडे, अशी विभागणी तिथून रूढ झाली. आता गंभीर कोणती, हे ठरवायचे राहिले होते. रकमेच्या आकारावर ते ठरत नाही, हे ऑगस्ट २०२० च्या एका निकालाने स्पष्ट केले.

तो खटला अ‍ॅव्हिटेल या मुंबईच्या कंपनीचा. एचएसबीसी समूहातील मॉरिशसच्या कंपनीने २०११ मध्ये अ‍ॅव्हिटेलच्या ७.८ टक्के भागभांडवलासाठी ६ कोटी डॉलर गुंतवले. बीबीसीच्या चित्रपटांचे थ्रीडीत रूपांतर करण्याचे मोठे काम मिळण्याच्या बेतात आहे, असे गुंतवणूकदाराला सांगण्यात आले होते. पुढे तसा करारच नव्हता आणि पैसा प्रवर्तकांशी संबंधित कंपन्यांकडे वळवला गेला, अशी तक्रार झाली. करारानुसार सिंगापुरात लवाद बसला आणि २०१४ मध्ये त्याने ६ कोटी डॉलरच्या भरपाईचा निवाडा दिला. इकडे मुंबईत फौजदारी तक्रारही चालू होती. निवाड्याची रक्कम सुरक्षित राहावी म्हणून एचएसबीसीने मुंबई उच्च न्यायालयाकडे धाव घेतली, तेव्हा अ‍ॅव्हिटेलचा युक्तिवाद होता, की इतक्या गंभीर फसवणुकीचा वाद भारतीय कायद्यानुसार लवादापुढे जाऊच शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने दोन कसोट्या लावल्या. पहिली कसोटी लवादाच्या कलमाबद्दलची आहे. फसवणुकीने ते कलमच नासले आहे का? म्हणजे सहीच खोटी आहे, किंवा असा करार मुळात झालाच नाही, असे दिसते का? तसे असेल, तर लवादाच्या पायाखाली जमीनच नाही. दुसरी कसोटी सार्वजनिक कायद्याची आहे. आरोप सरकारवर किंवा सरकारी यंत्रणेवर असून त्यातून लबाडीचा, मनमानीचा सार्वजनिक प्रश्न उभा राहतो का? अ‍ॅव्हिटेलच्या वादाला यांपैकी एकही लागू नव्हती. खोटे सांगून शेअर विकले असतील, तर करार कायद्याखाली भरपाई मागणे ही दोघांमधली दिवाणी बाब आहे. त्याच घटनांतून फौजदारी गुन्हाही घडला असेल, तर त्याची शिक्षा फौजदारी न्यायालय देईल. त्याने लवादाची वाट अडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये विद्या ड्रोलिया खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २००९ चा निकाल मोडीत काढला. अ‍ॅव्हिटेलविरुद्धच्या निवाड्याची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कायम केली.

दिवाळखोरीत सीमारेषा विषयापेक्षा वेळेवर ठरते. पुण्याच्या इंडस बायोटेकचा खटला याचा उत्तम दाखला आहे. कोटक समूहातील गुंतवणूकदारांनी या कंपनीचे असे प्रेफरन्स शेअर घेतले होते, की जे साध्या शेअरमध्ये बदलून घेता येतील किंवा ज्यांची रक्कम परत मागता येईल. कंपनीने शेअर बाजारात उतरण्याची तयारी सुरू केली, तेव्हा रूपांतराच्या सूत्रावरून बिनसले. गुंतवणूकदारांच्या हिशेबाने त्यांना सुमारे ३० टक्के वाटा मिळायला हवा होता. कंपनीच्या हिशेबाने तो १० टक्क्यांच्या आसपास येत होता. तेव्हा गुंतवणूकदारांनी रक्कम परत मागितली, ३६७ कोटी रुपये थकल्याचे सांगितले आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीने उलट अर्ज करून वाद लवादाकडे पाठवण्याची मागणी केली.

मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्रम घालून दिला. दिवाळखोरीचा अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला, की कंपनीवरच्या दाव्यांना स्थगिती मिळते, कारभार व्यावसायिकाच्या हाती जातो आणि सर्व धनकोंचे हक्क त्यात गुंततात. तिथून तो वाद साऱ्या जगाचा होतो. अर्ज नुसता सादर झाल्याने असे काही घडत नाही. म्हणून न्यायाधिकरणाने आधी एवढेच पाहायचे, की देणे खरोखर थकले आहे का. थकले असेल, तर अर्ज दाखल होतो आणि करारात लवादाचे कलम असले तरी ते आड येत नाही. थकलेले नसेल, तर अर्ज फेटाळायचा आणि दोघांनी लवादाकडे जायचे. इंडस बायोटेकमध्ये सूत्रच ठरले नव्हते, त्यामुळे देणे थकले असे म्हणता येत नव्हते, आणि वाद लवादाकडे गेला. हा क्रम न्याय्य आहे. वसुलीसाठी दिवाळखोरीची धमकी देणाऱ्या धनकोला तो रोखतो, आणि खरोखर बुडालेल्या कंपनीला लवादाच्या आडोशाला वेळ काढू देत नाही.

बौद्धिक संपदेत घोटाळा होतो, कारण हक्क जगाविरुद्धचा असतो, पण भांडण बहुधा दोघांतलेच असते. २०१६ मध्ये इरॉस इंटरनॅशनल या चित्रपट कंपनीने टेलिमॅक्सविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात कॉपीराइटभंगाचा दावा लावला. दोघांतल्या करारात लवादाचे कलम होते. कॉपीराइट कायद्यानुसार असा दावा जिल्हा न्यायालयातच लावायचा, म्हणून लवाद चालणार नाही, असे इरॉसचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ते मानले नाही. कुठल्या पायरीच्या न्यायालयात जायचे, एवढेच ते कलम सांगते. लवादाला ते बंदी करत नाही. 'या माणसाने माझ्या हक्काचा भंग केला' या मागणीवर मिळणारा हुकूम त्या माणसालाच बांधतो. २०२५ मध्ये कोइंबतूरच्या एका बिर्याणी हॉटेलच्या ट्रेडमार्कवरून वाद झाला, तेव्हा ट्रेडमार्कच्या हस्तांतरणाचा करार खरा की खोटा, हे लवादाने ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

पेटंट देणे किंवा ट्रेडमार्कची नोंद करणे हे मात्र सरकारचे काम आहे. ती नोंद रद्द करण्याचा हुकूम लवाद देऊ शकत नाही, कारण त्याचा परिणाम प्रत्येक व्यापाऱ्यावर होतो. खरी अडचण मधल्या जागेत आहे. रॉयल्टी मागितल्यावर परवानाधारक म्हणतो, की तुमचे पेटंटच मुळात अवैध आहे. त्या दोघांपुरता हा बचाव लवादाने तपासावा का, याचे थेट उत्तर भारतीय कायद्यात नाही. सिंगापूरने २०१९ मध्ये कायदाच करून तशी मुभा दिली. तिथला निवाडा फक्त पक्षकारांना बांधतो आणि नोंदवहीला हात लावत नाही. भारतातही अशी तरतूद व्हायला हवी, कारण तिच्यावाचून एकाच व्यवहाराचे दोन तुकडे दोन ठिकाणी चालवावे लागतात.

काही वाद मात्र दोघांतलेच असूनही लवादाबाहेर राहतात, कारण विशेष कायद्याने त्यांच्यासाठी वेगळे न्यायपीठ नेमलेले असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला मुंबईत लघुवाद न्यायालयातूनच बाहेर काढता येते. ज्या भाडेपट्ट्याला असा कायदा लागू नाही, तिथला वाद लवाद ऐकू शकतो, हेही विद्या ड्रोलिया खटल्यातच ठरले. बँकांची कर्जवसुली न्यायाधिकरणांपुढची प्रकरणे मात्र त्याच निकालाने लवादाबाहेर ठेवली.

हा प्रश्न तीन टप्प्यांवर उठतो. दाव्यातला पक्ष लवादाकडे जाऊ द्या म्हणतो, तेव्हा न्यायालय वरवर नजर टाकते आणि स्पष्टपणे वर्ज्य असलेलाच वाद अडवते. शंका असेल, तर आधी लवादाने स्वतःच्या अधिकाराबद्दल निर्णय द्यायचा असतो. निवाड्यानंतर कलम ३४ खाली न्यायालय तो प्रश्न पूर्णपणे तपासते. इथे एक गोष्ट पक्षकारांच्या ध्यानात राहत नाही. निवाडा रद्द करण्याची इतर बरीच कारणे तक्रारदाराने सिद्ध करावी लागतात. विषय लवादायोग्य नव्हता, हे मात्र न्यायालय स्वतःहूनही ठरवू शकते. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे तक्रार न करता लवाद चालवला असेल, तरी विषय मुळात वर्ज्य असेल तर त्या संमतीने निवाडा वाचत नाही.