‘दाखला’ म्हणजे ॲडमिशन नव्हे : बाईंची चिठ्ठी कशी वाचावी

मागच्या आठवड्यात मोमिनपुऱ्यातील एक अम्मी मुलाची डायरी घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा मराठी शाळेत चौथीत. त्या स्वतः उर्दूतून सातवीपर्यंत शिकलेल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “बाजी, इसका दाखला रद्द कर रहे हैं क्या? और ये हरकत कौनसी की इसने?” मुलाला घरी बोलणी बसून झाली होती. वर्गशिक्षिकेने लिहिले होते ते एवढेच :

“इ. ४ थी ब, ह. क्र. १४. मा. पालक, पाल्याचे दप्तर वेळापत्रकाप्रमाणे नसते. जन्मदाखल्याची छायांकित प्रत जमा करावी. स्नेहसंमेलनाची तालीम सोमवारपासून सायं. ४ वा. हरकत नसल्यास सही करून पाठवावे. गणित आकारिक – ड. भेटावे.”

अडचण कठीण शब्दांची नव्हती. उलट, त्या बाईंना ओळखीचे वाटले तेच शब्द फसवे निघाले. फारसी-अरबीतून मराठीत आलेले कितीतरी शब्द इथे येऊन अर्थ बदलून बसले आहेत.

उर्दूत ‘दफ़्तर’ म्हणजे ऑफिस, मराठी शाळेत ‘दप्तर’ म्हणजे बस्ता. बाईंचे म्हणणे इतकेच, की त्या दिवशीच्या तासांची पुस्तके मुलगा आणत नाही. उर्दूत ‘दाख़ला’ म्हणजे प्रवेश, मराठीत ‘दाखला’ म्हणजे सर्टिफिकेट. ‘छायांकित प्रत’ म्हणजे झेरॉक्स. म्हणजे जन्माच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स हवी आहे. ‘तालीम’ वाचून अम्मींना वाटले जादा शिकवणी आहे, पण ती गॅदरिंगमधल्या नाच-नाटकाची रिहर्सल. आणि ‘हरकत’ म्हणजे इथे खोडी नाही, तर एतराज़. ‘हरकत नसल्यास’ म्हणजे तुम्हाला एतराज़ नसेल तर. मुलाने काहीच केले नव्हते.

आता लिपीचा घोळ. घाईत लिहिलेला मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा आणि १ हा इंग्रजी नवासारखा दिसतो. त्यामुळे हजेरी क्रमांक १४ हा ९८ वाचला गेला आणि चारची वेळ आठची झाली. शंका आली तर त्याच चिठ्ठीत नक्की माहीत असलेला आकडा शोधा. मुलगा चौथीत आहे हे माहीत आहे, म्हणून ‘इ.’ म्हणजे इयत्तेपुढचा आकडा ४ आहे. तसाच आकडा वेळेत दिसला की उलगडा होतो.

चिठ्ठी लावताना आम्ही आधी क्रियापदांखाली रेघ मारतो. ‘जमा करावी’, ‘पाठवावे’, ‘भेटावे’ असे शेवटी ‘वी’ किंवा ‘वे’ आले की ते काम आपल्याला सांगितले आहे, उर्दूतल्या ‘जमा करें’, ‘भेजें’ सारखे. ‘करण्यात येईल’ असे असेल तर ते काम शाळा करणार. या चिठ्ठीत अम्मींची कामे तीन निघाली : झेरॉक्स, सही, भेट.

झेरॉक्स देताना दाखल्यावरचे नाव आणि शाळेच्या रजिस्टरातले नाव अक्षर-अक्षर जुळवा. आयेशा, आएशा, आयशा हे आपल्याला एकच, कागदाला तीन. शाळेत नोंदलेले नावच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, आणि शाळा सुटल्यावर दुरुस्तीला बऱ्याच फेऱ्या पडतात.

खरी काळजीची ओळ मात्र शेवटची होती, आणि तिच्याकडे कुणाचे लक्षच गेले नव्हते. ‘आकारिक मूल्यमापन’ म्हणजे सत्रभर चालणारी तपासणी : तोंडी, गृहपाठ, कृती, छोट्या चाचण्या. सत्राच्या शेवटी होते ते ‘संकलित’. ‘ड’ ही श्रेणी ३३ ते ४० टक्क्यांची. तिच्याखाली फक्त इ-१ आणि इ-२ उरतात. म्हणजे मुलगा काठावर आहे, आणि तोही रोजच्या कामात.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत, असे समजून अनेक घरे ही ओळ सोडून देतात. पण २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेची एक संधी मिळते, तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहते. हा मुलगा पुढच्या वर्षी पाचवीत जाणार आहे.

म्हणून भेटीत काय विचारायचे, ते आम्ही अम्मींना उर्दूत लिहून दिले : गणितात नेमके काय अडते, भागाकार की शाब्दिक उदाहरणे? गृहपाठ अपुरा आहे की चाचणीत चुका होतात? चिठ्ठीच्या खाली त्यांनी उर्दूत सही केली. सही कोणत्याही लिपीत चालते.