विश्लेषण : वाईटाचा निर्माता कोण? पारशी धर्मातला जुना पेच

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ मध्ये मुंबईत पारशी धर्मावर एक पुस्तक काढले. हा धर्म चांगल्याची एक आणि वाईटाची एक अशा दोन शक्ती मानतो, हा त्यातला एक प्रमुख आक्षेप. पारशी समाजाला तो चांगलाच झोंबला.

उत्तर मिळाले ते पुण्यातून. तिथे संस्कृत शिकवणारे जर्मन अभ्यासक मार्टिन हौग यांनी झरथुष्ट्राच्या गाथा बाकीच्या अवेस्तापासून वेगळ्या काढून वाचल्या. ‘यस्न’ या ग्रंथाच्या ३०व्या अध्यायात दोन जुळ्या प्रवृत्तींचे वर्णन आहे. एकीने सत्य, म्हणजे ‘अश’ निवडले, तर दुसरीने दुष्कर्म. ‘दएव’ म्हणजे तिथले देवही निवडताना चुकले. (आपले देव तिकडे खलनायक आणि ‘अहुर’ म्हणजे असुर पूज्य, ही गंमत वेगळीच.) प्रत्येकाने स्वतः ऐकून, विचार करून ठरवावे, असेही तिथे सांगितले आहे.

हौग यांचा निष्कर्ष असा, की अंग्र मइन्यू या दुष्ट प्रवृत्तीचा सामना थेट अहुर मज्दाशी नसून स्पेन्त मइन्यू या शुभ प्रवृत्तीशी आहे. मज्द दोघांच्याही वर, म्हणजे देव एकच. त्यांचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले आणि अनेक सुधारक पारशांना हा अर्थ पटला.

पण इथेच खरी अडचण आहे. जुळ्यांचा पिता मज्द असेल, तर वाईटाचे मूळही त्याच्याच घरात जाते. स्पेन्त मइन्यूचा पिता मज्द, असे गाथा सांगतात. दुष्टाबद्दल तसे स्पष्ट म्हणत नाहीत. ब्रिटिश अभ्यासक मेरी बॉइस यांनी हौग यांचा अर्थ नाकारला, तो याच अंगाने.

‘बुंदहिश्न’ या नंतरच्या पहलवी ग्रंथातली मांडणी अधिक रोखठोक आहे. वर प्रकाशात ओर्मझ्द म्हणजे अहुर मज्द, खाली अंधारात अहिर्मन. दोघे मुळातच वेगळे. देव निखळ चांगला राहतो, मात्र शेवटच्या विजयापर्यंत त्याची सत्ता अपुरी ठरते. लढाईला मुदत घालावी म्हणून तो अहिर्मनशी नऊ हजार वर्षांचा करार करतो.

याच ग्रंथात एक विलक्षण प्रसंग येतो. ओर्मझ्द माणसांच्या फ्रवशींना, म्हणजे जन्माआधीच्या आत्मरूपांना विचारतो, कायम सुरक्षित राहायचे, की देह घेऊन असत्याशी लढायचे आणि अखेरीस निर्दोष होऊन उठायचे? त्या देह निवडतात. म्हणजे या कथेत माणूस इथे शिक्षा भोगायला आलेला नाही, आपणहून लढायला आला आहे.

पारशी श्रद्धावचनाची सुरुवात ‘फ्रवराने’ या शब्दाने होते. त्यातली क्रिया निवडण्याची आहे. कमरेची कुस्ती सोडून पुन्हा बांधताना, प्रार्थनेत अहिर्मनचे नाव आले की तिची टोके आजही झटकली जातात.