एकदाच भरलेले पैसे दोनदा जमा

ऑनलाइन पैसे भरले की ती बातमी विक्रेत्याच्या सर्व्हरपर्यंत सहसा दोन वाटांनी पोहोचते. एक वाट ग्राहकाच्या ब्राउझरची. व्यवहार पूर्ण होताच तो ‘पैसे मिळाले’ या पानावर परत येतो. पण या वाटेचा भरवसा नसतो. ग्राहक मधेच खिडकी बंद करतो, मोबाइलची रेंज जाते, यूपीआयच्या ॲपमधून तो परत येतच नाही. म्हणून पेमेंट गेटवे दुसरी वाटही ठेवतो. पैसे जमा झाल्यावर तो विक्रेत्याने आधी नोंदवून ठेवलेल्या पत्त्यावर स्वतःहून एक संदेश पाठवतो. या संदेशाला वेबहूक म्हणतात. त्यात घडलेल्या घटनेचे नाव, रक्कम आणि पेमेंटचा क्रमांक असतो. तो वाचून हिशेबात नोंद करणाऱ्या प्रोग्रामला हँडलर म्हणतात. एकच संदेश पुन्हा आला आणि हँडलरला ते ओळखता आले नाही, तर एकदा भरलेले पैसे दोनदा जमा होतात.

संदेश पुन्हा का येतो, हे आधी पाहायला हवे. रजिस्टर पत्र पाठवणारा जसा पोचपावतीची वाट पाहतो, तसा गेटवे समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहतो. दोनशेच्या घरातला एचटीटीपी कोड, बहुधा २००, मिळाला की संदेश पोहोचला असे तो धरतो. रेझरपे हे उत्तर ५ सेकंदांत मागतो. ते आले नाही, किंवा चुकीचा कोड आला, तर दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेत तो २४ तास तोच संदेश पाठवत राहतो. स्ट्राइपचे असे प्रयत्न प्रत्यक्ष व्यवहारांसाठी ३ दिवसांपर्यंत चालतात.

उत्तर आले नाही एवढ्यावरून गेटवेला नेमके काय घडले ते कळत नाही. संदेश वाटेत हरवला असेल, किंवा संदेश पोहोचून काम पूर्ण झाले आणि फक्त उत्तर हरवले असेल. पाठवणाऱ्याच्या बाजूने दोन्ही सारखेच दिसते. गप्प राहिले तर पहिल्या शक्यतेत ग्राहकाचे पैसे विक्रेत्याच्या वहीत कधीच चढणार नाहीत, म्हणून गेटवे पुन्हा पाठवणे पसंत करतो, आणि ते योग्यच आहे. ‘निदान एकदा तरी पोहोचवू’ एवढेच वचन त्याला पाळता येते. ‘नेमके एकदाच’ हे वचन त्याला एकट्याच्या बळावर देता येत नाही. स्ट्राइप आणि रेझरपे या दोघांच्याही माहितीपत्रकांत एकच संदेश एकाहून अधिक वेळा येऊ शकतो, असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे दुसरी प्रत येणे हा गेटवेचा बिघाड नव्हे. ती ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

समजा, एका वसतिगृहाच्या खानावळीची प्रीपेड खाती आहेत. विद्यार्थी यूपीआयने पैसे भरतात आणि रोजच्या जेवणाचे पैसे खात्यातून वजा होतात. एका विद्यार्थ्याने रात्री सव्वाआठला ५०० रुपये भरले. गेटवेने `payment.captured` नावाची घटना पाठवली. गेटवे रक्कम पैशांत लिहितो, म्हणून संदेशात ५०००० हा आकडा आहे. हँडलरने आधी संदेशावरची सही तपासली, मग खात्यातल्या शिलकीत ५०० रुपये मिळवले, पावतीची पीडीएफ बनवली, ती ईमेलने पाठवली आणि सगळे झाल्यावर २०० हे उत्तर दिले. एरवी हे सगळे सेकंदभरात उरकते. त्या रात्री मात्र ईमेलचा सर्व्हर मंद होता आणि पावती जायला ९ सेकंद लागले. ५ सेकंद होताच गेटवेने वाट पाहणे सोडले. हँडलरला याचा पत्ताही नव्हता, त्याने आपले काम शेवटपर्यंत केले. थोड्या वेळाने तीच घटना पुन्हा आली, ईमेल पुन्हा अडकला, शिलकीत आणखी ५०० रुपये चढले. तिसऱ्या प्रयत्नात ईमेल झटकन गेला, उत्तर वेळेत पोहोचले आणि पाठवणे थांबले. विद्यार्थ्याच्या बँकेतून ५०० रुपये गेले, खात्यावर १५०० दिसू लागले आणि पावत्या तीन मिळाल्या.

इथे ग्राहकाचे पैसे एकदाच कापले गेले आहेत, नुकसान खानावळीचे आहे. त्यामुळे तक्रार येईलच असे नाही आणि चूक बराच काळ दबून राहते. सहीच्या तपासणीनेही ती पकडली जात नाही. सही फक्त संदेश खरोखर गेटवेकडून आला आहे, एवढेच सांगते. दुसरी आणि तिसरी प्रतही गेटवेनेच पाठवलेली असते, म्हणून तिन्ही सह्या बरोबर निघतात.

हँडलरने उत्तर लवकर द्यावे, हा पहिला उपाय सुचतो. तो करायलाच हवा. पावती, ईमेल, एसएमएस ही सावकाशीची कामे बाजूला काढून नंतर केली की ५ सेकंदांची मर्यादा क्वचितच ओलांडली जाते. पण त्याने पुनरावृत्ती कमी होते, संपत नाही. शिलक वाढवल्यावर आणि उत्तर देण्याआधीच्या क्षणी सर्व्हर बंद पडू शकतो, नेटवर्क तुटू शकते. म्हणून तोच संदेश कितीही वेळा आला तरी परिणाम एकदाच व्हावा, अशीच हँडलरची रचना असावी लागते. या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात. काही कामांत तो मुळातच असतो. ऑर्डरची स्थिती ‘पैसे मिळाले’ अशी करण्याचे काम दहादा केले तरी स्थिती तीच राहते. शिलकीत ५०० रुपये मिळवण्याचे काम तसे नाही. तिथे ‘ही नोंद आधी झाली आहे का’ हे विचारावेच लागते.

विचारायचे कोणत्या क्रमांकावरून, हा खरा निर्णय आहे. प्रत्येक घटनेला वेगळा क्रमांक असतो. रेझरपे तो `x-razorpay-event-id` या हेडरमध्ये देतो आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवतो. स्ट्राइपचे घटना-क्रमांक `evt_` ने सुरू होतात. हा क्रमांक साठवून ठेवला की तीच घटना दुसऱ्यांदा आलेली ओळखता येते. पण एकाच पेमेंटमुळे दोन वेगळ्या घटनाही निघतात. पैसे जमा झाल्याची `payment.captured` आणि ऑर्डरची रक्कम पूर्ण झाल्याची `order.paid`. दोघींचे घटना-क्रमांक वेगळे असतात. हँडलर दोन्हींवर शिलक वाढवत असेल, तर घटना-क्रमांकाचा पहारा कुचकामी ठरतो. ब्राउझरच्या वाटेने आलेली बातमीही शिलक वाढवत असेल तर तिला घटना-क्रमांकच नसतो. या सगळ्या वाटांवर समान असतो तो पेमेंटचा क्रमांक. म्हणून पैसे जमा करताना पहारा त्यावरच बसवणे अधिक भक्कम. परताव्याच्या बाबतीत हेच काम परताव्याच्या क्रमांकाने करावे, कारण एका पेमेंटचे अनेक अंशतः परतावे असू शकतात.

पहारा बसवण्याच्या पद्धतीतही एक फसवी वाट आहे. आधी टेबलात क्रमांक शोधायचा, सापडला नाही तर शिलक वाढवायची आणि मग क्रमांक लिहायचा, असा प्रोग्राम वाचायला बरोबर वाटतो. पण दोन प्रती एकाच वेळी आल्या, तर दोघीही शोधतात, दोघींनाही क्रमांक सापडत नाही आणि दोघीही शिलक वाढवतात. खानावळीच्या उदाहरणात हे घडायला फार काही लागत नाही. पहिली प्रत ईमेलमध्ये अडकलेली असताना दुसरी पोहोचली आणि क्रमांक लिहिण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवलेले असले, की पुरे. क्रमांक आधीच वेगळा लिहून ठेवला तर उलटा धोका उभा राहतो. लिहिल्यावर आणि शिलक वाढवण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर पुढची प्रत ‘झालेले काम’ समजून टाळली जाते आणि विद्यार्थ्याचे पैसे खरोखरच बुडतात.

दोन्ही धोके टाळायचे तर हे काम डेटाबेसवर सोपवावे. पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर एकमेवतेचे बंधन घालावे, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहिताच येणार नाही. आणि क्रमांकाची नोंद व शिलकीतला बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवावा, म्हणजे दोन्ही होतील किंवा काहीच होणार नाही. पोस्टग्रेसमध्ये ते असे दिसते:

```sql
BEGIN;

INSERT INTO topups (payment_id, member_id, paise)
VALUES ('pay_A1', 71, 50000)
ON CONFLICT (payment_id) DO NOTHING;

-- एकही नोंद झाली नसेल तर इथेच थांबावे

UPDATE members SET balance = balance + 50000
WHERE id = 71;

COMMIT;
```

दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर दुसरीला पहिलीचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागते. पहिली यशस्वी झाली की दुसरीची नोंद होत नाही. पहिली मधेच फसली तर तिची नोंद पुसली जाते आणि दुसरीला काम करता येते. वेगळे कुलूप लावण्याची गरज उरत नाही.

दुसऱ्या प्रतीला उत्तर २०० हेच द्यावे. ‘ही दुसऱ्यांदा आली’ म्हणून त्रुटीचा कोड परत पाठवला तर गेटवे तो अपयश समजतो आणि आणखी प्रती पाठवतो. रेझरपेवर तर २४ तास अपयश येत राहिल्यास ते वेबहूकच बंद केले जाते, आणि मग पुढच्या ग्राहकांच्या बातम्याही येत नाहीत.

या रचनेची एक मर्यादा आहे. डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन डेटाबेसच्या आतच चालते, पाठवलेला ईमेल मागे घेता येत नाही. म्हणून ‘पावती पाठवायची आहे’ अशी नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका वेगळ्या टेबलात करतात आणि दुसरा प्रोग्राम ती वाचून ईमेल पाठवतो. तरीही क्वचित पावती दोनदा जाईल, ते चालण्यासारखे आहे. पुढचे काम पैशांचे असेल, उदाहरणार्थ दुसऱ्या सेवेला परतावा द्यायला सांगणे, तर ते चालणार नाही. तिथे विनंतीसोबत स्वतःचा ठरावीक क्रमांक पाठवावा, म्हणजे समोरच्यालाही पुनरावृत्ती ओळखता येते. स्ट्राइप यासाठी `Idempotency-Key` हे हेडर स्वीकारतो.

हँडलर तपासताना एक घटना एकदाच पाठवून पाहिली, तर हा दोष कधीच दिसत नाही. तोच संदेश लागोपाठ दोनदा पाठवावा, मग दोन प्रती एकदम पाठवाव्यात, आणि शेवटी ट्रान्झॅक्शन पूर्ण झाल्यावर, उत्तर जाण्याआधी, प्रोग्राम मुद्दाम बंद पाडून पुन्हा पाठवावा. तिन्ही वेळा शिलक ५०० रुपयांनीच वाढली पाहिजे.

आधीच चालू असलेल्या हिशेबात हा दोष शिरला आहे का, तेही शोधता येते. जुन्या नोंदींत पेमेंट क्रमांक लिहिलेला असेल, तर एकाहून अधिक वेळा आलेले क्रमांक असे निघतात:

```sql
SELECT payment_id, COUNT(*) FROM topups
GROUP BY payment_id HAVING COUNT(*) > 1;
```

एकमेवतेचे बंधन घालण्याआधी ही यादी काढावीच लागते, कारण दुहेरी नोंदी असताना डेटाबेस ते बंधन स्वीकारत नाही. नोंदींत क्रमांकच नसेल, तर गेटवेकडून एका दिवसात जमा झालेल्या रकमांची बेरीज त्या दिवशी खात्यांवर चढलेल्या रकमेशी जुळवावी. फरक सापडला की चुकीची नोंद पुसू नये. ती दुहेरी-नोंदींच्या वेगळ्या टेबलात मूळ तारखेसह हलवावी, खात्यावर कारणासह उलटी नोंद करावी आणि शिलक त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कमी करावी. विद्यार्थ्याने जास्तीचे १००० रुपये जेवणात खर्च केले असतील तर शिलक शून्याखाली जाईल. ती वसूल करायची की सोडून द्यायची, हे खानावळ चालवणाऱ्यांनी ठरवायचे असते.