लाल गोळी, पांढरी गोळी आणि चहा

“गोळ्या घेता का, असं मी विचारणारच नाही. सगळ्या ‘हो’ म्हणता. पाकिटं दाखवा, मी मोजते.”

गावच्या अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी बोलायला सुरुवात केली ती अशी. समोर सतरंजीवर सात-आठ गरोदर बायका, कडेला दोन सासवा. पाच मिनिटांचं बोलणं. पण त्यात जाहिरातीतलं एकही वाक्य नव्हतं.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, असा सरकारी नियम. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळपास निम्म्या गरोदर बायका या रेघेखाली होत्या.

“मागच्या वर्षीची गोष्ट सांगते,” ताई म्हणाल्या. “पाचव्या महिन्यात एकीचं एचबी भरलं 8.6. सिस्टरनं रोज दोन गोळ्या सांगितल्या. महिन्यानं पुन्हा बोट टोचलं, तर 8.8. पाकीट मोजलं, एक गोळी चुकलेली नाही! मग घरी जाऊन बघितलं. बाई सकाळी लाल आणि पांढरी गोळी एकदम तोंडात टाकायची, वर कपभर चहा.”

दुखणं इथंच होतं. पांढरी गोळी कॅल्शियमची. ती आणि चहा, दोन्ही लोहाला आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. बाईची चूक म्हणावी, तर दोन्ही पाकिटं एकाच हातानं देताना तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ताईंनी वेळा बदलून दिल्या. पांढरी न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला. लाल अकराच्या सुमाराला आणि रात्री निजताना, जमलं तर लिंबूपाण्याबरोबर. लाल-पांढरीत दोन तासांचं अंतर, चहा तासभर लांब. पुढच्या महिन्यात आकडा 9.9 झाला.

“शी काळी होते,” मागून एक सासू म्हणाली.

“होणारच. न शोषलेलं लोह बाहेर पडतं ते. बाळ त्यानं काळं होत नाही, आत्याबाई. मळमळलं तर गोळी बंद करायची नाही, रात्री जेवणानंतर घ्यायची.”

महिन्याभरात आकडा एकनं तरी वाढायला हवा. वेळा पाळूनही वाढला नाही, तर कारण दुसरं असू शकतं, जंत किंवा सिकलसेल. मग डॉक्टरांनी बघायला हवं. हे नुसत्या डोळ्यांच्या पापण्या ओढून कळत नाही, त्यासाठी रक्तच तपासावं लागतं.

“आता एकेक जण पुढं या. आणि आकडा सातच्या खाली आला तर गोळ्यांच्या भरवशावर घरी बसायचं नाही. दवाखान्यात सलाईनमधून लोह देतात, लागलं तर रक्त चढवतात. मला फोन करा, 102 ची गाडी मी बोलावते. पैसे पडत नाहीत.”